आपल्याच कुलपाबाहेर: महापेतल्या एका कंपनीचं आणीबाणीचं अॅडमिन खातं

कंपनीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच आहेत. मी तिथे बाहेरचा सल्लागार म्हणून जातो. झालेल्या चुकांपैकी एक माझीही आहे, ती पुढे येईलच.

## पार्श्वभूमी

महापे एमआयडीसीत शीतगृह आणि रेफ्रिजरेटेड ट्रक चालवणारी ही कंपनी. माणसं साधारण दीडशे. काही वाशीच्या मार्केटला माल पोचवतात, काही उरणच्या बंदराकडे. मेल, फाइली, डिस्पॅचचं अॅप, हजेरी, सगळं मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, म्हणजे सगळ्याची चावी एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन प्रणालीत. ग्लोबल अॅडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेले, तीन: आयटी मॅनेजर, त्यांचा सहायक आणि नावापुरता एक संचालक. तिघेही रोजच्या कामासाठीही आपापलं अॅडमिन खातंच वापरायचे.

अॅडमिन खात्यांवर परदेशातून लॉगिनचे प्रयत्न दिसायला लागले तेव्हा मॅनेजरनी ठरवलं, की अॅडमिन लोकांनी फक्त ऑफिसच्या नेटवर्कवरूनच आत यायचं. कंडिशनल अॅक्सेसमध्ये, म्हणजे कोणी कुठून आत यायचं हे ठरवणाऱ्या नियमांत, धोरण लिहिलं: ज्यांच्याकडे कुठलीही अॅडमिन भूमिका आहे, त्यांना ऑफिसच्या आयपी रेंजबाहेरून सगळ्या अॅप्सना बंदी. कल्पना वाईट नव्हती. मीच ती फोनवर ऐकून ‘करा’ म्हटलं होतं. आधी ‘फक्त नोंद’ म्हणजे report-only मोडवर आठवडाभर ठेवा, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं.

## काय बिघडलं

शुक्रवारी संध्याकाळी धोरण चालू झालं. सेव्ह करताना पोर्टलने इशारा दिला होता, की यात तुमचं स्वतःचं खातंही येतंय, ते वगळू का? मॅनेजरनी ‘माहीत आहे, पुढे चला’ निवडलं, कारण नियम स्वतःलाही लागू हवा अशी त्यांची प्रामाणिक भूमिका. त्यानंतर वीसेक मिनिटं ते त्याच ब्राउझरमध्ये काम करत होते आणि सगळं सुरळीत चाललं. लॅपटॉप बंद करून ते घरी गेले.

फसगत इथेच झाली. धोरण बदललं म्हणून चालू सेशन त्या क्षणी तुटतंच असं नाही. हातात असलेलं टोकन, म्हणजे लॉगिन झाल्यावर मिळालेला प्रवेशपास, साधारण तासभर चालतं आणि नवं मागितलं की नियम तपासला जातो. त्या वीस मिनिटांनी फक्त जुनं टोकन जिवंत आहे एवढंच सिद्ध केलं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये खासगी विंडो उघडून नव्याने लॉगिन केलं असतं, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

सोमवारी सकाळी ऑफिसातूनच लॉगिन होईना. तिघांपैकी कोणाचंच. धोरणात टाकलेली आयपी रेंज एका एक्सेल शीटमधून उचलली होती आणि ती शीट दोन महिन्यांपूर्वीची होती, इंटरनेटची लाइन बदलण्याआधीची. नियमानुसार ‘ऑफिस’ म्हणजे एक असा पत्ता, जिथे आता कोणी बसत नव्हतं.

हे एवढ्यावरच थांबलं असतं तर एक दिवसाचं हसं झालं असतं. पण त्याच सकाळी डिस्पॅच प्रमुखांचा फोन तुर्भे स्टेशनवर, गाडी सुटता सुटता, हातातून हिसकावला गेला. स्क्रीन उघडी होती. त्यात मेल होतं, ट्रकचं वेळापत्रक होतं, ग्राहकांचे दर होते. अशा वेळी खातं थांबवायचं आणि सगळीकडची सेशन्स रद्द करायची, हे पाच मिनिटांचं काम. हेल्पडेस्कच्या मुलाकडे त्यासाठीची छोटी भूमिका होती, पण धोरणात ‘कुठलीही अॅडमिन भूमिका’ लिहिल्यामुळे तोही बाहेर. डिस्पॅच प्रमुखांना स्वतःहून काही करता येईना, कारण त्यांची दुसऱ्या पायरीची पडताळणी त्याच फोनवर. सिम बंद केलं, पण वायफाय मिळालं की फोनमधलं मेल चालूच राहणार.

मॅनेजरचा मला फोन आला. “सर, चोराला आत जाता येतंय, आणि मलाच येत नाहीये.”

अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टकडे तक्रार नोंदवायची असते. ती नोंदवली. कंपनी आपलीच आहे हे सिद्ध करण्याची प्रक्रिया काटेकोर आहे आणि ती तशीच असायला हवी. नाहीतर कोणीही फोन करून कोणाचंही कुलूप उघडून घेईल. पण ती दुपारपर्यंत उरकेल अशी आशा धरणं बरोबर नव्हतं.

सुटका झाली ती ऑफिसातल्या शिपाईकाकांमुळे. आम्ही जुनी लाइन, जुना आयपी असं बोलत होतो ते ऐकून ते म्हणाले, “साहेब, तो जुना डबा अजून चालूय. गोदामाच्या कपाटावर. रात्री दिवे लुकलुकतात त्याचे.” जुन्या लाइनचा नोटीस कालावधी संपायला नऊ दिवस होते आणि राउटर कोणी काढलाच नव्हता. मॅनेजर शिडीवर चढले, लॅपटॉपला थेट केबल लावली, बाहेरचा आयपी तपासला. धोरणातल्या रेंजमधलाच होता. लॉगिन झालं. चारला दहा मिनिटं कमी असताना डिस्पॅच प्रमुखांची सेशन्स रद्द झाली आणि मग धोरण बंद केलं. फोन गेल्यापासून सात तास उलटले होते.

## कोणते पर्याय होते

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं बसलो: संचालक मॅडम, मॅनेजर, अकाउंट्सच्या ताई आणि मी. ताईंना बोलवायचं कारण एवढंच, की तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

मॅनेजरचा पहिला विचार होता, की माझं खातं सगळ्या धोरणांतून वगळूया. तो लगेच बाद झाला. ज्या खात्यावर दिवसभर मेल उघडतात आणि ज्याला रोज फसवे दुवे येतात, तेच सर्वांत कमी पहाऱ्यात ठेवायचं, यात अर्थ नाही.

दुसरा पर्याय दिसायला सोपा होता: एक वेगळं अॅडमिन खातं आणि त्याचा पासवर्ड कंपनीच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये. मी विचारलं, त्या पासवर्ड मॅनेजरमध्ये लॉगिन कशाने करता? उत्तर आलं, मायक्रोसॉफ्टच्याच खात्याने. म्हणजे घराची जादा किल्ली घरातच खुंटीला. ही चूक मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे, आणि ती कागदावर कधीच दिसत नाही.

तिसरा पर्याय, परवाने विकणाऱ्या भागीदार कंपनीकडे पूर्ण अधिकार देऊन ठेवायचे. मॅडमना तो पटला नाही. रविवारी रात्री कोणाला उठवायचं हे दुसऱ्याच्या रजेवर अवलंबून राहणार, आणि त्यांच्याकडचं खातं फुटलं तर आपलंही दार उघडं.

राहिला तो चौथा: फक्त आणीबाणीसाठीची दोन खाती, ज्यांना रोजचं एकही काम नाही. सीलबंद साधनं, आणि कोणी नुसता हात लावला तरी ओरडणारा अलार्म. दोन अशासाठी, की एक बिघडलं तर दुसरं असावं.

## खाती कशी तयार केली

दोन्ही खाती थेट क्लाउडमध्ये, शेवट `onmicrosoft.com` असलेली. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर ठेवली नाहीत, कारण डोमेनच्या नोंदी बिघडल्या किंवा उद्या लॉगिन दुसऱ्या प्रणालीकडे वळवलं, तर तीही बंद पडतील. ऑफिसच्या सर्व्हरवरच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीतून सिंक होणारं खातं नको, तेही याच कारणाने. ग्लोबल अॅडमिन भूमिका कायमची चालू ठेवली. गरज पडली की मंजुरी घेऊन सक्रिय करायची, अशी नाही. मंजुरी देणारेही बाहेर अडकलेले असू शकतात, आणि आपण नेमक्या त्याच दिवसासाठी हे करतोय. मेलबॉक्स नाही, परवाना नाही.

दुसऱ्या पायरीच्या पडताळणीवर जरा वाद झाला. मॅनेजरनी वाचलेल्या जुन्या लेखांत सल्ला होता, की आणीबाणीच्या खात्याला लांबलचक पासवर्ड द्या आणि एमएफएमधून, म्हणजे या दुसऱ्या पायरीतून, वगळा. तो काळ गेला. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या अॅडमिन पोर्टलवर एमएफए टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं आणि त्यातून आणीबाणीच्या खात्यांनाही सूट नाही. कंडिशनल अॅक्सेसमधून वगळलं तरी ती सक्ती वेगळी असते. फोनवरचं अॅप घेतलं तर खातं एका माणसाच्या फोनला बांधलं जातं, आणि फोनचं काय होतं ते आम्ही आदल्याच दिवशी पाहिलं होतं. म्हणून एफआयडीओ२ सिक्युरिटी की घेतल्या. यूएसबीत लावायच्या, पिन टाकायचा, बोट टेकवायचं. की नोंदवण्यापुरता तात्पुरता पास दिला, तो तासाभरात आपोआप मेला.

मग पासवर्डचं काय? पहिल्यांदा आम्ही ६४ अक्षरांचा पासवर्ड छापून पाकिटात ठेवला. नंतर लक्षात आलं, की किल्लीशिवाय त्याचा पोर्टलवर काही उपयोग नाही आणि किल्ली असताना तो लागत नाही. उगाच एक गुपित सांभाळत बसायचं. शेवटी दोन्ही खात्यांना नवा, लांब, यादृच्छिक पासवर्ड लावला आणि तो कुठेच लिहून ठेवला नाही.

दोन्ही खाती एका गटात टाकली आणि तो गट प्रत्येक कंडिशनल अॅक्सेस धोरणातून वगळला. गट तयार करताना ‘या गटाला भूमिका देता येतील’ हा पर्याय चालू केला, कारण मग त्यातली नावं सामान्य हेल्पडेस्कला बदलता येत नाहीत. हा पर्याय नंतर चालू करता येत नाही, गट बनवतानाच ठरवावा लागतो. तसं केलं नसतं, तर ज्याला गटात माणसं टाकता येतात, तो स्वतःलाच सगळ्या नियमांतून मोकळं करू शकला असता.

## पाकिटं कुठे ठेवायची

या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ गेला. माझी पहिली मांडणी मला फार हुशारीची वाटली होती. खातं एकची किल्ली महापेच्या तिजोरीत आणि पिन मॅडमच्या ठाण्यातल्या घरी. खातं दोनची किल्ली ठाण्यात आणि पिन महापेत. एका ठिकाणी चोरी झाली तरी चोराच्या हाती अर्धंच काहीतरी लागणार.

ताईंनी विचारलं, “आणि महापेत पाणी शिरलं तर?”

तिजोरी तळमजल्यावर. पाणी शिरलं तर खातं एकची किल्ली गेली, खातं दोनचा पिनही गेला. ठाण्यात दुसरी किल्ली शाबूत, पण पिनाशिवाय ती नुसतं प्लास्टिक. म्हणजे एका जागेच्या नुकसानीत दोन्ही खाती बाद, आणि दोन खाती ठेवण्याचं कारणच संपलं. चोरीच्या भीतीने मी उपलब्धता मारली होती.

मग उलटं केलं. प्रत्येक जागी एक खातं पूर्ण: किल्ली, पिन, खात्याचं नाव, लॉगिनचा पत्ता, आणि काय करायचं ते एका पानावर. याचा अर्थ पाकीट चोरणाऱ्याला पूर्ण अधिकार मिळतात. तो धोका आम्ही डोळे उघडे ठेवून पत्करला, कारण सील आणि अलार्म त्यासाठीच आहेत. सील कोणाला अडवत नाही. पाकीट उघडलं गेलं हे ते लपू देत नाही, एवढंच. सराफ वापरतात तशा क्रमांक छापलेल्या, एकदाच बंद होणाऱ्या पिशव्या घेतल्या. बंद करताना दोघांच्या सह्या, क्रमांक ताईंच्या रजिस्टरमध्ये. बँकेच्या लॉकरचा विचारही झाला, पण रविवारी रात्री लॉकर कोण उघडणार? महापेतली पिशवीही तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावरच्या छोट्या तिजोरीत हलवली.

## अलार्म

एन्ट्राच्या लॉगिन आणि ऑडिट नोंदी लॉग अॅनालिटिक्स या मायक्रोसॉफ्टच्या नोंदी तपासण्याच्या सेवेकडे वळवल्या. त्यासाठी एन्ट्राचा पी१ परवाना लागतो, तो कंपनीकडे होताच. त्यावर अशी क्वेरी दर पाच मिनिटांनी चालते:

```
union isfuzzy=true SigninLogs, AADNonInteractiveUserSignInLogs
| where UserId in ("<object-id-1>", "<object-id-2>")
| project TimeGenerated, UserPrincipalName, IPAddress,
          AppDisplayName, ResultType
```

एकही ओळ सापडली की अलार्म. लॉगिन यशस्वी झालं का फसलं, हे मुद्दाम गाळलेलं नाही. या खात्यांवर फसलेला प्रयत्नसुद्धा बातमीच आहे. दुसरा अलार्म ऑडिट नोंदींवर आहे: या खात्यांची भूमिका काढली, नवी किल्ली जोडली, पासवर्ड बदलला, किंवा त्या वगळलेल्या गटात कोणाला टाकलं, तर.

खातं ओळखायला नावाऐवजी ऑब्जेक्ट आयडी, म्हणजे खात्याचा कधी न बदलणारा क्रमांक, घेतला, त्याचा फायदा लवकरच दिसला. पहिल्या खात्याचं नाव आम्ही सरळ `emergency-admin` ठेवलं होतं. तीन आठवड्यांनी रात्री सव्वादोनला मॅनेजरचा फोन वाजला: कोणीतरी बाहेरून पासवर्ड मारून बघत होतं, निकाल `50126`, म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा. असली नावं कोणीही अंदाजाने टाकून बघतं. मग नाव बदलून ओळखू न येणारं केलं. आयडी तोच राहिल्यामुळे क्वेरीला हात लावावा लागला नाही. नाव लपवलं म्हणून सुरक्षा वाढली असं मी म्हणणार नाही, पण रात्रीची झोप वाढली. अलार्म फुकटचा वाजायला लागला, की माणसं तो बघेनाशी होतात.

निरोप कुठे जातो हेही पाहावं लागतं. पहिल्या आराखड्यात तो कंपनीच्या मेलवर जात होता. पण ज्याने ग्लोबल अॅडमिन मिळवलाय, तो ते मेल उडवू शकतो, आणि आपण बाहेर अडकलो असलो तर ते वाचूही शकत नाही. आता तिघांच्या खासगी मोबाइलवर एसएमएस जातो आणि बाहेरच्या एका मेलवर प्रत.

## पहिली कवायत

दर ९० दिवसांनी, आणि तिजोरीची किल्ली असलेलं कोणी सोडून गेलं की लगेच, पिशवी उघडून प्रत्यक्ष लॉगिन करायचं असं ठरलं. पहिल्या कवायतीत मॅडमना बसवलं आणि मॅनेजरना खोलीबाहेर काढलं, कारण खऱ्या दिवशी ते नसतील असं धरून चालायचं होतं.

मॅडमनी किल्ली लावली, पिन टाकला. चूक. पुन्हा टाकला, चूक. तिसऱ्यांदाही. आता की काढून परत लावा, असं स्क्रीन म्हणायला लागली. घाम फुटला, कारण असे एकूण आठ चुकीचे प्रयत्न झाले की की कायमची लॉक होते आणि पुसून नव्याने नोंदवावी लागते. पाच उरले होते. मी कागद हातात घेतला. मॅनेजरनी सवयीने पिन देवनागरी आकड्यांत लिहिला होता, आणि त्यांचा घाईतला ९ हुबेहूब १ सारखा दिसत होता. चौथ्यांदा उघडलं. त्याच दिवशी पिन नवे केले आणि छापून ठेवले.

दुसरी गडबड अलार्मची. लॉगिन झालं, आम्ही फोन समोर ठेवून बसलो. काहीच आलं नाही. क्वेरी मागची फक्त पाच मिनिटं बघत होती आणि लॉगिनची नोंद लॉग अॅनालिटिक्सपर्यंत पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागला. नोंद पोचली तोवर तिची खिडकी सरून गेली होती. मागे बघायचा कालावधी ३० मिनिटं केला. आता एकाच लॉगिनचे दोन-चार निरोप येतात, ते चालतं. दुसऱ्या वेळी अकराव्या मिनिटाला एसएमएस आला. अकरा मिनिटांत पाकीट चोरणारा बरंच काही करू शकतो, हे आम्ही मॅडमना स्पष्ट सांगितलं.

## निष्पत्ती

आतापर्यंत खरी आणीबाणी आलेली नाही. दुसऱ्या कवायतीत मात्र एक गोष्ट सापडली. सहायकाने मधल्या काळात एक नवं धोरण बनवलं होतं आणि त्यात आणीबाणीचा गट वगळायचा राहिला होता. खातं एक त्या धोरणात अडकलं, निकाल `53003`. तिसऱ्या महिन्यात कळलं म्हणून ठीक. आता नवं धोरण बनवलं की दुसऱ्याने तपासल्याशिवाय ते report-only मधून बाहेर येत नाही.

रोजच्या कामाची आणि अॅडमिनची खाती वेगळी केली. ऑफिसच्या आयपीचं धोरण परत चालू आहे, नव्या रेंजसह.

## वेगळं काय करता आलं असतं

आणीबाणीची खाती पहिल्या कंडिशनल अॅक्सेस धोरणाच्या आधी व्हायला हवी होती. आम्ही क्रम उलटा धरला, आणि बहुतेक कंपन्या तोच धरतात. त्या शुक्रवारी दोन साध्या गोष्टी पुरल्या असत्या: report-only मोड, आणि सेव्ह केल्यावर खासगी विंडोत नवं लॉगिन. पहिली सुचवणं माझं काम होतं.

डिस्पॅच प्रमुखांना दुसऱ्या पायरीसाठी फोनशिवाय दुसरं साधन दिलं असतं, तर त्यांना स्वतःच आपली सगळी सेशन्स बंद करता आली असती. आता चार विभागप्रमुखांकडे तशी की आहे.

एक धागा अजून सैल आहे. लॉग अॅनालिटिक्सचं बिल ज्या कार्डवर जातं ते संचालकांचं आहे. कार्डाची मुदत संपली आणि सबस्क्रिप्शन थांबलं, तर अलार्म गप्प होईल, आणि तो गप्प झाल्याचा निरोप एसएमएसवर येणार नाही. तूर्त कार्डाची मुदत ताईंच्या रजिस्टरमध्ये पिशव्यांच्या क्रमांकाखाली लिहून ठेवली आहे.